पिशवीतल्या गोळ्या आणि रविवारचा फोन

वाचकहो, माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका काकूंची हकिगत सांगतो. वय ७४, यजमान निवर्तलेले, घरी एकट्या. एकुलता मुलगा न्यू जर्सीत. दर रविवारी रात्री आठला त्याचा फोन येई. हिवाळ्यात तेव्हा त्याच्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असत. ‘‘आई, बरी आहेस ना?’’ ‘‘हो रे, अगदी छान.’’ दोघेही एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यात खरे काय ते कोणीच बोलत नव्हते.

काकूंना रक्तदाबासाठी मी अॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी देत होतो. मुलाने काळजीपोटी तिकडून व्हिडिओवर एका हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली. त्यांनी दिलेल्या चिठ्ठीतही तेच औषध होते, पण दुसऱ्या कंपनीच्या नावाने. नाव वेगळे, गोळीचा रंग वेगळा. काकूंनी दोन्ही सुरू ठेवल्या. या औषधाने काहींच्या घोट्यांना सूज येते आणि मात्रा वाढली की ती शक्यताही वाढते. काकूंची चप्पल घट्ट होऊ लागली. तिसऱ्या एका डॉक्टरांनी सूज पाहून लघवी वाढवणारी गोळी लिहिली. मीठ काकूंनी आपणहूनच कमी केले होते. अशा गोळीने उतारवयात रक्तातील सोडियम घसरू शकते. महिन्याभरात काकूंचा तोल जाऊ लागला, शब्द आठवेनात, आणि एका पहाटे त्या न्हाणीघरात पडल्या.

मुलाचा मला फोन आला. ‘‘डॉक्टर, आईला विस्मरणाचा आजार झालाय. तिला एकटीला ठेवता येणार नाही. मी वृद्धाश्रम पाहतोय, तूर्त तिला सांगू नका.’’ त्याच्या आवाजात कंप होता. त्याचे प्रेम खोटे नव्हते. पण आईच्या घराचा निर्णय आईला वगळूनच होत होता.

रक्ततपासणीत सोडियम १२४ आले. ते साधारणतः १३५ ते १४५ असावे लागते. काकूंना रुग्णालयात दाखल केले. लघवीची गोळी आणि दुप्पट झालेले औषध थांबवले, सोडियम सावकाश वर आणले. ते घाईने वाढवले तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून काही दिवस लागले. पुढे सूजही ओसरली. काकू पुन्हा शब्दकोडी सोडवू लागल्या. आजही त्या आपल्याच घरी राहतात. प्रत्येक विस्मरण असे बरे होत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

चूक माझीही होती. ‘औषधांची पिशवी घेऊन या’ असे मी त्यांना कित्येक महिन्यांत म्हटलेच नव्हते.

तेव्हापासून परदेशस्थ मुलांना मी एकच काम सांगतो. तीन महिन्यांतून एकदा, आईवडिलांच्या सवडीने, व्हिडिओ फोनवर अर्धा तास काढा. घरातली सगळी औषधे टेबलावर मांडायला सांगा. दुखण्यावरच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, काढे आणि चूर्णेसुद्धा. पाकिटावर कंपनीने दिलेले नाव असते. मूळ औषधाचे नाव बहुधा त्याच्या खालीवर असते. ते वाचून घ्या, मिलिग्रॅम लिहा, कोणी आणि कशासाठी दिले तेही लिहा. दुकानदाराने कापून दिलेल्या पट्टीवर नाव उरेलच असे नाही, म्हणून शक्यतो अख्खी पट्टी घ्यायला सांगा. एकच मूळ नाव दोनदा आढळले तर तिथल्या तिथे गोळी बंद करू नका. त्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांना कळवा. यादीची एक प्रत डॉक्टरांकडे आणि एक घरातील फ्रिजवर असावी.

हे करताना वाचणारे आईवडील, लिहिणारे तुम्ही. जाब विचारू नका. ‘बरी आहेस ना?’ याचे उत्तर ठरलेलेच असते. ‘चप्पल घट्ट होते का? उठताना अंधारी येते का?’ असे विचारा. आणि डॉक्टरांशी बोलायचे असेल, तर आईवडिलांना विचारून, शक्य तर त्यांच्यासमोरच बोला.

ज्येष्ठ वाचकांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलाला काळजी नको म्हणून लपवलेली सूज पुढे त्याला विमानतळावर धावत आणते. काकू आता रविवारी आधी पायांचे सांगतात, मग शब्दकोड्यात अडलेला शब्द मुलाला विचारतात.