‘ते’ आलं की क्रियापद जागेवर

कोंढव्यात संध्याकाळी आमच्या घरी तीन-चार मुली इंग्रजी बोलायच्या सरावाला येतात. मुलाखती तोंडावर आहेत. शब्द त्यांच्याकडे पुरेसे आहेत, अडतं ते प्रश्नाशी. ‘व्हॉट यू आर डुइंग?’ हे वाक्य सारखं कानावर येतं. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण मुलगी कच्ची ठरते.

याचं मूळ आपल्या भाषांत आहे. घरात ‘तू क्या कर रही है?’, शाळेत ‘तू काय करते आहेस?’. दोन्हींत विधानाचाच क्रम प्रश्नात राहतो, ‘काय’ नुसतं आपल्या जागी येऊन बसतं. इंग्रजीत कर्ता आणि सहायक क्रियापद जागा बदलतात: ‘यू आर’चं ‘आर यू’ होतं, म्हणून ‘व्हॉट आर यू डुइंग?’. सहायक नसेल तर ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ आणावं लागतं: ‘व्हेअर डू यू लिव्ह?’. मात्र ‘कोण आलं?’सारख्या प्रश्नात ‘हू’ हाच कर्ता असतो, तिथे काहीच हलत नाही: ‘हू केम?’.

एवढं अंगवळणी पडलं की उलटी चूक सुरू होते: ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज द ऑफिस?’ आता उलटापालट नको तिथेही शिरली. मी मुलींना हेच वाक्य आधी मराठीत म्हणायला लावते: ‘ऑफिस कुठे आहे ते सांगाल का?’ यातलं ‘ते’ महत्त्वाचं. खरा प्रश्न ‘सांगाल का’ हा आहे, म्हणून पालटतं ते तिथलं ‘यू कॅन’चं ‘कॅन यू’. ‘ते’च्या आधीचा भाग विधानासारखा सरळ राहतो: ‘कॅन यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज?’. ‘डू’ असेल तर तेही गळतं: ‘आय नो व्हेअर यू लिव्ह.’ आणि ‘दुकान उघडं आहे का ते विचार’ यातल्या ‘का’साठी ‘इफ’ घ्यायचं: ‘आस्क इफ द शॉप इज ओपन.’

ही खूण एका ठिकाणी फसते. आपण सहज म्हणतो, ‘तू कुठे राहतेस, असं मॅडमनी विचारलं.’ मराठी बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते, ‘तू’सकट. त्यावरून मुली ‘मॅडम आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ म्हणतात. इथे आधी मराठी वाक्यच बदलावं लागतं: ‘मी कुठे राहते ते मॅडमनी विचारलं.’ ‘तू’ची ‘मी’ झाली, ‘असं’चं ‘ते’ झालं. मग ‘दॅट’ची गरज उरत नाही, आणि विचारणं भूतकाळातलं असल्यामुळे राहणंही बहुधा भूतकाळात जातं: ‘मॅडम आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड.’ मुलगी आजही तिथेच राहत असली तरी. या शेवटच्या गोष्टीवर दर वेळी वाद होतो, आणि मुलींचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. बोलताना ‘व्हेअर आय लिव्ह’ही चालतं.