गृहपाठ कोणाच्या घरात होतो?

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा शाळेचा पट कागदावर तोच राहतो आणि वर्ग मात्र विरळ होतो. काही लेकरं आईबापासोबत कारखान्याच्या कोप्यांवर जातात. काही हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर गावात थांबतात आणि रात्री आजीजवळ झोपतात.

अशाच एका शाळेत चौथीच्या वर्गावर डी.एल.एड.चे दोन छात्राध्यापक आंतरवासितेला होते. मी विहारातल्या अभ्यासिकेच्या कामाने तिथे गेलो होतो. लेकरांसमोर एकमेकांना सर-मॅडम म्हणणारे हे दोघे मधल्या सुट्टीत चांगलेच जुंपले होते.

"रोज गृहपाठ दिलाच पाहिजे," तो म्हणाला. तो स्वतः ऊसतोड मजुराचा मुलगा. "भागाकार शिकवला आणि चार दिवस हात लावला नाही, तर पाचव्या दिवशी पाटी कोरी. तालुक्याच्या इंग्रजी शाळेतली पोरं शाळा सुटली की ट्यूशनला बसतात. आपण आपल्या लेकरांना मोकळं सोडायचं, हा कसला कळवळा?"

तिने एक वही पुढे ठेवली. ८२४ भागिले ४, उत्तर २६. ६१२ भागिले ३, उत्तर २४. ६१५ भागिले ५, उत्तर १२३, हे मात्र बरोबर.

"याला भागाकार येतो," ती म्हणाली. "पण मधल्या २ ला ४ चा भाग जात नाही तिथे शून्य मांडायचं असतं, ते हा गाळतो. उत्तर २०६ हवं. तीन रात्री याने हीच चूक गिरवली. २६ चोक १०४ होतात, ८२४ नाही, हा ताळा बघायला घरी कोण होतं? आजीला अक्षरओळख नाही. आणि ह्या तीन वह्या बघ. तीच चूक, खाडाखोडही त्याच जागी. सकाळी परिपाठाआधी उतरवल्यात."

"मग तपासणं आपलं काम आहे."

"३४ वह्या. वहीमागे दोन मिनिटं धरली तरी ६८ मिनिटं. तू 'पाहिले' लिहून सही करतोस. वही कोरी असली की उभं करतोस. रोज तीच चार-पाच लेकरं उभी राहतात. कोणत्या वस्तीतली, मी सांगू?"

तो गप्प झाला. मग त्याने आपल्या सभांमध्ये हमखास निघणारा मुद्दा काढला, "बाबासाहेब परळच्या एका खोलीत शिकले. तिथे काय टेबल-खुर्ची होती?"

"खोली आठवते, आणि त्या खोलीतले रामजीबाबा विसरतोस? सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पोराला पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे. त्या घरात शिक्षक होता!"

मला हे उत्तर बिनतोड वाटलं. गरिबीतून शिकता येतं हे आपण बाबासाहेबांचा दाखला देऊन सांगतो, पण त्या घरात शिकवणारं माणूस होतं हे सांगायचं राहून जातं. मग ज्याच्या घरी तसं कोणी नाही त्याची कोरी वही आळसाच्या खात्यात जाते आणि 'ही पोरं अशीच' म्हणायला मास्तर मोकळा. समाजशास्त्राच्या वर्गात याला सांस्कृतिक भांडवल म्हणायचे. इथे ते कोऱ्या वहीच्या रूपात दिसतं.

अभ्यासही तिच्या बाजूने झुकतात. हॅरिस कूपर या अमेरिकन संशोधकाने सहकाऱ्यांसोबत २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. गृहपाठ आणि यश यांचा संबंध वरच्या वर्गांत बऱ्यापैकी दिसला, प्राथमिक वर्गांत फारच क्षीण. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरणही दुसरीपर्यंत गृहपाठ नको म्हणतं आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास.

पण सराव नको असं तिचंही म्हणणं नव्हतं, आणि विसरण्याबद्दल तो बरोबरच होता. शेवटी त्यांनी शाळेतलेच शेवटचे २५ मिनिटं धरले. फळ्यावर पाचच गणितं, त्यांत दोन मुद्दाम मधल्या शून्याची. लेकराने सोडवायची, शेजारच्याने गुणून ताळा करायचा. घरी फक्त आधीच येणारं न्यायचं: पाढे, वाचलेली गोष्ट आजीला सांगणं. आठवड्याभरात त्या पोराने ५१५ भागिले ५ चं १३ स्वतःच खोडून १०३ केलं.

आमच्या अभ्यासिकेतही तेव्हापासून 'गृहपाठ झाला का?' असं विचारत नाही. गणित पुन्हा करून दाखव म्हणतो. वही भरलेली आणि हात अडखळतो, तर ती वही दुसऱ्याची असते.

वाद मिटला नाही. सहावीनंतर रोजचा गृहपाठ हवाच, यावर तो अडून आहे. "तेव्हा चालेल, पण तपासायला माणूस दे," हे तिचं उत्तर. कोप्यांवर गेलेल्या लेकरांचं काय, हे मी विचारलं तेव्हा मात्र दोघेही हजेरीपटाकडे बघत बसले. त्यांची आंतरवासिता टोळ्या परतायच्या आत संपणार होती.