शीत रांदलें, भात केला

डिचोलीच्या आमच्या घरात कोकणी आणि गावच्या शाळेत मराठी. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतलीच आमची एक. घरी म्हणायचे 'आवयन शीत रांदलें', वहीत लिहायचे 'आईने भात केला'. शीत नपुंसकलिंगी म्हणून 'रांदलें', भात पुल्लिंगी म्हणून 'केला'. आई दोन्हीकडे तीच, पण क्रियापद तिच्याकडे बघतच नाही, तिने काय केले ते बघते. भाकरी असेल तर 'केली', लाडू असतील तर 'केले'. मास्तर याला कर्मणी प्रयोग म्हणत.

कर्त्याचे रूप मात्र निराळे. घरी 'हांव'चे 'हांवें' होई, 'हांवें आंबो खाल्लो'. मराठीत 'मी' तसाच राहतो, 'मी आंबा खाल्ला'. पूर्वी मराठीतही 'म्यां' आणि 'त्वां' होते. पेडण्याला मावशीकडे गेलो की देवळातल्या भजनांत ती रूपे कानावर पडत, आणि हांवें-म्यां ही जोडी मला फार आवडे.

खरी अडचण 'ला'ची. घरी 'आवयन बाबाक आपयलो', 'आवयन बायेक आपयली'. 'क' लागला तरी क्रियापद कर्माचेच लिंग धरते. मराठीत 'आईने मुलाला बोलावले', 'आईने मुलीला बोलावले'. कर्माला 'ला' लागताच त्याचा क्रियापदावरचा ताबा सुटतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबते. हा भावे प्रयोग. वर्गातले मुलगे हमखास 'मास्तरांनी मला बोलावला' म्हणत, मुली 'मला बोलावली'. मास्तर रागावत नसत. कर्माला प्रत्यय आहे का ते आधी पाहा, असेल तर सरळ 'ले' लावा, एवढेच सांगत. 'शिकणे', 'विसरणे' यांसारखी क्रियापदे तेवढी वेगळी ठेवायची, कारण ती कर्त्यामागेच जातात: 'तो कविता शिकला', 'ती दप्तर विसरली'.

आता नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. 'तू भाकरी खाल्ली?' असे विचारतात. आमच्या वेळी 'खाल्लीस' म्हणावे लागे. त्यातली 'ली' भाकरीची आणि 'स' समोरच्याचा, एका शब्दात दोघांची नोंद. तो 'स' गळू लागला याची मला मनापासून हळहळ वाटते. 'आजीने मला बोलावली' मात्र धाकटीच्या तोंडून अजून ऐकू येते. मी ते सुधारतो, तरी घरची कोकणी तिच्यात मुरली आहे हे कळून बरेही वाटते.

कर्माचा मान मात्र टिकून आहे. आमच्या घरी पोर्तुगीजातून आलेले जनेल उघडताना माझी आजी 'जनेल उगडलें' म्हणे. ही मुले 'बॅग आणली', 'लॅपटॉप घेतला', 'तिकीट काढलं' म्हणतात. बॅगेचे लिंग त्यांना कोणी शिकवलेले नाही, पण ते ठरवल्याशिवाय हे वाक्य पुरे होत नाही, आणि ती ते बोलता बोलता ठरवून टाकतात.