आचारी आणि आचार्य

अमरावतीच्या एका शासकीय कार्यालयातील अधीक्षक मूळचे अकोल्याचे, किराणा व्यापाऱ्याच्या घरात वाढलेले. दुकानातले बिल ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी वडील ते एकदा मोठ्याने वाचत. ती सवय मुलाने कार्यालयातही सोडली नाही.

त्या दुपारी अकोल्याहून संगणकावर आलेला एका परिपत्रकाचा मसुदा स्वच्छ प्रत होऊन त्यांच्यापुढे आला. साहेब चार वाजता दौऱ्यावर निघणार होते. त्याआधी स्वाक्षरी हवी होती. अधीक्षकांनी हळू आवाजात वाचन सुरू केले.

‘पध्दत’ या शब्दाशी ते थांबले. त्यात आधी अर्धा ध आणि मग द आला होता. उच्चारात द् आधी येतो, ध नंतर, म्हणून ‘पद्धत’. पुढे ‘अंर्तगत’ दिसले. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर असतो, त्या अक्षराच्या आधी र् उच्चारला जातो. ‘अंतर्गत’ म्हणताना र् हा त-नंतर आणि ग-आधी येतो. म्हणून रफार ग-वर हवा.

तिसऱ्या परिच्छेदात मात्र ते दचकले. ‘वसतिगृहातील सर्व आचार्यांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.’ तपासणी व्हायची होती स्वयंपाक करणाऱ्यांची!

“साहेब, संगणकाने तर काहीच चूक दाखवली नाही,” लिपिक संकोचाने म्हणाला.

“दाखवणार कशी? आचार्य हाही शुद्धच शब्द आहे.”

मग त्यांनी त्याला मूळ शब्द पाहायला शिकवले. मूळ शब्दाच्या अखेरीस ‘री’ किंवा ‘रा’ असेल, तर य-च्या डावीकडे आडवी खूण येते: आचारी–आचाऱ्यांची, कर्मचारी–कर्मचाऱ्यांची, दुसरा–दुसऱ्याची. मूळ शब्दातच ‘र्य’ असेल, तर रफार येतो: आचार्य–आचार्यांची, कार्य–कार्याची. ‘वऱ्हाड’ या नावातही हीच आडवी खूण ह-ला लागते.

अकोल्याला दूरध्वनी केल्यावर कळले की तिथल्या मूळ प्रतीत शब्द बरोबर होता. ही खूण काही जण साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह टंकून उमटवतात. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते अदृश्य चिन्ह कधी गळून पडते आणि खुणेच्या जागी रफार येतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह र-ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. त्याचा पाय मोडून य टंकला की अदृश्य चिन्हाची गरजच उरत नाही. लिपिकाने तिथेच तसे टंकले.

नवी प्रत पुन्हा मोठ्याने वाचली गेली. एकदा स्वाक्षरी होऊन जावक क्रमांक पडला असता, तर त्या एका खुणेसाठी शुद्धिपत्रक काढावे लागले असते. चारला पाच मिनिटे असताना साहेबांनी स्वाक्षरी केली.

प्रत नस्तीत लावताना लिपिकाने विचारले, “आणि ‘शुद्धिपत्रक’ कसे लिहायचे?”

“पद्धतीसारखेच. आधी द्, मग ध.”