झालर आणि पाय

आमची बैठकीची खोली १० बाय १२ फुटांची. जेवायलाही सहा माणसं तिथेच बसतात. एका भिंतीला जमिनीला टेकलेलं लाकडी कपाट, समोर दिवाण, त्याखाली अम्मींची ट्रंक. दिवाणाला झालर लावली. ट्रंक झाकली गेली आणि कपाटाच्या वजनाला समोरून तोल मिळाला. झालर फरशीपासून अर्धा इंच वर ठेवली, म्हणजे पुसताना भिजत नाही.

तिसरी भरीव वस्तू मात्र खोलीला झेपली नसती. म्हणून सोफ्याऐवजी बारीक पायांच्या, उघड्या हातांच्या दोन वेताच्या खुर्च्या घेतल्या. त्यांच्याखालून फरशी थेट भिंतीपर्यंत दिसते. टीपॉय नुसत्या चौकटीचा. दस्तरखान अंथरताना एका हाताने उचलतो. सगळंच पायांवर असतं, तर दारातून नुसते पायच पाय दिसले असते.