आईची पिशवी आणि पाच रकाने

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आई सेलूची. तिचे थायरॉइडचे जुने डॉक्टर वयामुळे प्रॅक्टिस थांबवून बसले, म्हणून परभणीला नव्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बाहेर पंचवीस-तीस पेशंट. डॉक्टर म्हणाले, "मागचे रिपोर्ट?" आईने कापड दुकानाची पिशवीच टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी सगळ्यात वरचा कागद पाहिला. टीएसएच ८.७, गोळी ७५ ची. टीएसएच वाढलेला म्हणजे गोळी कमी पडतेय. "१०० करू," असं म्हणत त्यांनी पेन उचललं आणि थांबले. विचारलं, "याआधी कधी १०० दिली होती का? तेव्हा किती आला होता?"

मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. अकरा-बारा वर्षं रोज गोळी घेतेय बाई, पण हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.

डॉक्टर म्हणाले, "तोवर आहे तीच गोळी चालू ठेवा. सगळं एका कागदावर मांडून आणा, मग ठरवू."

त्या रात्री पिशवी ओसरीवर उपसली. आई म्हणाली, "काय शोधायलास रे एवढं? मी बरी आहे." चार लॅबचे तेवीस रिपोर्ट, वीसेक चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिलं, त्यातली निम्मी पांढरी पडलेली. वर्षानुसार गठ्ठे लावले आणि वहीत रकाने आखले: तारीख, टीएसएच, गोळी.

इथेच पहिली चूक झाली. रिपोर्टच्या तारखेसमोर मी त्याच दिवशीच्या चिठ्ठीवरची गोळी लिहीत गेलो. ऑगस्ट २०१४ समोर लिहिलं, टीएसएच ६.१, गोळी ७५. वाचणाऱ्याला वाटेल की ७५ घेऊनही ६.१ आला. खरं म्हणजे तो आला ५० वर, आणि तो पाहून डॉक्टरांनी ७५ केली. म्हणजे माझा अख्खा तक्ता एक पायरी सरकलेला.

रक्तातला टीएसएच सांगतो तो आधीच्या गोळीचा हिशोब. तोही लगेच नाही. लिव्होथायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. त्यामुळे गोळी बदलली की रक्तातलं प्रमाण नव्या जागी स्थिरावून टीएसएच खरा दिसायला सहा ते आठ आठवडे जातात. म्हणून गोळीचे दोन रकाने केले: 'रक्त दिलं तेव्हा चालू असलेली' आणि 'त्यानंतर दिलेली'. पाचवा रकाना 'इतर', म्हणजे त्या काळात दुसरं कुठलं औषध होतं, काय त्रास होता.

बारीक गोष्टीही सांभाळाव्या लागल्या. तारीख रक्त दिल्याची घ्यायची, रिपोर्ट छापल्याची नाही. एका जुन्या चिठ्ठीवर गोळी '०.०५' लिहिली होती. ते मिलिग्रॅम, म्हणजे आपली ५० मायक्रोग्रॅमचीच गोळी. लॅबनुसार टीएसएचचं एकक वेगळं छापलेलं दिसतं, मिली आययू प्रति लिटर किंवा मायक्रो आययू प्रति मिली, पण आकडा तोच राहतो. मार्च २०२० नंतर २०२२ पर्यंतचा एकही कागद सापडला नाही. आई म्हणाली, "तेव्हा नॉर्मलच होतं." मी ती जागा कोरी ठेवली. आठवणीवरून भरलेला आकडा डॉक्टर खरा धरतील.

पहाटेपर्यंत तक्ता झाला. महत्त्वाच्या ओळी अशा:

मे २०१४: टीएसएच १८.६, गोळी नव्हती. नंतर ५०.
ऑगस्ट २०१४: ६.१, ५० वर. नंतर ७५.
नोव्हेंबर २०१४: ३.२, ७५ वर. तीच चालू.
२०१५ ते २०१८: २.४ ते ३.६ च्या मध्ये, ७५ वरच.
जून २०१९: ९.८, ७५ वर. नंतर १००.
जुलै २०१९: ७.४, १०० वर. नंतर १२५.
डिसेंबर २०१९: ०.०८, १२५ वर. नंतर परत ७५.
मार्च २०२०: ३.४, ७५ वर.
यंदा: ८.७, ७५ वर.

चार वर्षं गाडी रुळावर, आणि २०१९ मध्ये एकदम हा झोका. जुलैची तपासणी गोळी वाढवल्यावर तीनच आठवड्यांनी झालेली. १०० चा परिणाम पुरता दिसायच्या आतच १२५ झाली. पण मुळात जूनमध्ये ९.८ का झाला, हे तक्ता सांगेना. पाचवा रकाना तिथे रिकामा होता.

उत्तर दुसऱ्याच फाईलमध्ये निघालं, आईच्या गुडघ्याच्या. एप्रिल २०१९ ला नांदेडच्या हाडाच्या डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलेलं, सप्टेंबरात बंद. यंदाही रिपोर्टच्या दोन महिने आधी कॅल्शियम परत सुरू झालेलं. मी विचारलं, "आई, ही गोळी कधी घ्यायचीस?"

"सकाळीच. दोन्ही एका घोटात. सुटी झाली."

कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतं, ती रक्तात पुरती उतरत नाही. लोहाच्या गोळीचंही तसंच. म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवतात. २०१९ मध्ये कॅल्शियममुळे ७५ ची गोळी अपुरी पडली, म्हणून ती १२५ पर्यंत चढली. सप्टेंबरात कॅल्शियम थांबलं आणि १२५ पूर्ण अंगी लागायला लागली. डिसेंबरात ०.०८. तेव्हा आईला धडधड व्हायची, झोप यायची नाही. आम्ही म्हणायचो, भावाच्या लग्नाचं टेन्शन. साठीकडे आलेल्या बाईचा टीएसएच इतका खाली बरेच दिवस राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित व्हायची भीती असते आणि हाडं विरळ होतात. म्हणजे हाडांसाठी घेतलेली गोळी फिरून हाडांवरच उठायची.

डॉक्टरांनी तक्ता तीन मिनिटं पाहिला. म्हणाले, "जुळतंय, पण जुळतंय म्हणजे सिद्ध झालं असं नाही. गोळ्या चुकल्या, वजन वाढलं, ॲसिडिटीचं औषध सुरू असलं तरी असं होतं. तपासून पाहू." गोळी ७५ च ठेवली. ती पहाटे उपाशीपोटी, चहाच्या तासभर आधी. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. आठ आठवड्यांनी रक्त. परवा रिपोर्ट आला: ३.०.

मित्रहो, यात चुकलं कोण? डिसेंबरपर्यंतच्या प्रत्येक डॉक्टरने समोरच्या कागदापुरता हिशोब केला. हाडाच्या डॉक्टरांपुढे थायरॉइडची चिठ्ठी नव्हती, थायरॉइडच्या डॉक्टरांपुढे हाडाची नव्हती. आपल्याकडे माणूस सेलूला एकाकडे, परभणीला दुसऱ्याकडे आणि नांदेडला तिसऱ्याकडे जातो, आणि या तिघांना जोडणारी गोष्ट एकच, ती कापडाची पिशवी. २०२१ ला सरकारचं डिजिटल आरोग्य मिशन देशभर सुरू झालं, आभा नंबर आले. आईचाही काढला. पण नंबर काढला म्हणून २०१४ चा कागद आपोआप त्यात येऊन बसत नाही, आणि ज्या दवाखान्यात अजून हातानेच चिठ्ठी लिहितात तिथली आजची चिठ्ठीही येत नाही.

म्हणून सध्या तरी वहीतले पाच रकाने. घरी कुणाची थायरॉइडची गोळी चालू असेल तर एक रात्र काढा. गोळीचे रकाने दोन ठेवा, आणि 'इतर' मध्ये गुडघ्याची, ॲसिडिटीची, रक्तवाढीची औषधंही तारखेसकट लिहा. तक्ता बघून गोळी मात्र स्वतः बदलू नका, तो डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी आहे.

आईने आता तक्त्याची झेरॉक्स काढून पिशवीत सगळ्यात वर ठेवलीय. हाडाच्या डॉक्टरांसाठी दुसरी.