फाइल आली म्हणजे पैसे गेले असं नाही

शाळेच्या आमच्या बॅचच्या ग्रुपवर हा मजकूर आला, तोपर्यंत तो माझ्याकडे आणखी दोन ग्रुपमधून येऊन गेला होता:

“🚨अत्यंत महत्त्वाचे!!!🚨 आरटीओच्या नावाने आलेला मेसेज चुकूनही उघडू नका. उघडताच फोन हॅक होऊन दोन मिनिटांत खाते रिकामे होते. कालच मिरजेत एका शिक्षकाचे नऊ लाख गेले. अनोळखी नंबरवरून आलेले काहीही उघडू नका. पोलीस आयुक्तांची सूचना. सर्व ग्रुपवर पाठवा, एक कुटुंब वाचेल.”

अर्ध्या तासात खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मग ग्रुपमधल्या शुभाचा फोन आला. म्हणाली, “अगं, तो शिक्षक म्हणजे आमचे हे. नऊ लाख कुठले, पेन्शनचं खातं आहे ते. पण सकाळपासून लोक भेटायला येतायत, जणू घरात काही झालंय. तू बँकेत होतीस. जे झालं ते नीट लिहून टाक ना ग्रुपवर.”

लिहायचं म्हणजे आधी काय झालं ते कळायला हवं. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. तिचे यजमान शरदराव रागावलेले होते, चोरावर कमी आणि त्या मेसेजवर जास्त. मी त्यांना एकच विनंती केली की फोनवर काय काय दिसलं आणि बोट कुठे कुठे टेकवलं, तेवढं क्रमाने सांगा.

तो मेसेज त्यांच्याच भिशीतल्या एका गृहस्थांच्या नंबरवरून आला होता. “तुमच्या गाडीवर दंड आहे, पावती बघा” आणि खाली फाइल: `RTO E CHALLAN.apk`. शरदरावांना वाटलं, पीडीएफसारखंच काहीतरी असेल. फाइलवर बोट टेकवल्यावर फोनने अडवलं, या ठिकाणाहून आलेलं अ‍ॅप बसवायची परवानगी नाही म्हणून. शेजारी सेटिंगचं बटण होतं. तिथे जाऊन `Allow from this source` समोरचा खटका त्यांनी सुरू केला. मग अ‍ॅप बसलं आणि त्याने विचारलं, एसएमएस पाठवू आणि बघू द्यायचे का? त्यांनी `Allow` दाबलं. पुढे सरकारी बोधचिन्ह असलेलं पान उघडलं, ५०० रुपये दंड भरा म्हणून. डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं त्यांनी भरलं. “सर्व्हर बिझी” असं काहीसं आलं आणि पान बंद झालं. ते जेवायला बसले. पैसे गेले ते रात्री, दोन हप्त्यांत, मिळून ४८,००० रुपये.

हे ऐकताना मूळ मेसेजमधलं काय चुकीचं आहे ते आपोआप दिसत गेलं. “उघडताच” हा शब्द तर साफ खोटा. मेसेज येण्यापासून पैसे जाईपर्यंत शरदरावांच्या हातून चार गोष्टी झाल्या: फाइल उघडली, फोनचा अडसर काढला, एसएमएसची परवानगी दिली, कार्डाची माहिती भरली. यातल्या एकाही ठिकाणी हात आखडला असता तर चोराचं काम अडलं असतं. चोराला दोन गोष्टी लागत होत्या. कार्डाचे आकडे शरदरावांनी टाइप करून दिले आणि ओटीपी त्या अ‍ॅपने परस्पर पुढे पाठवला. ओटीपी कुणाला सांगू नका हे ते वर्षानुवर्षं इतरांना बजावत आलेत. त्यांनी तो खरंच कुणालाही सांगितला नव्हता.

“अनोळखी नंबरवरून आलेले उघडू नका” हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटलं. वरवर पाहता शहाणपणाचं, पण या प्रकारात उलटं काम करणारं. भिशीतल्या त्या गृहस्थांच्या फोनमध्ये आदल्या दिवशी हेच अ‍ॅप शिरलं होतं. एसएमएस वाचता आले की व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर सुरू करायला लागणारा सहा आकड्यांचा कोडही चोराला वाचता येतो. मग तो त्याच माणसाच्या नावाने, त्याच्याच फोटोसह, त्याच्या ओळखीच्यांना फाइल पाठवतो. म्हणजे ती बहुतेकदा ओळखीच्याकडूनच यायची. अनोळखी नंबरांपासून जपून राहा असं वाचलेला माणूस ओळखीचं नाव बघून निर्धास्तपणे फाइल उघडणार.

पोलीस आयुक्तांची तर गंमतच. सांगली जिल्ह्याला पोलीस आयुक्तच नाहीत, अधीक्षक आहेत. हे मिरजेतल्या शंभर माणसांनी वाचून पुढे ढकललं आणि एकालाही खटकलं नाही!

रात्री लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात मी बँकवाल्यांच्या सवयीने मालवेअर, परमिशन, साइडलोडिंग असं बरंच काही घातलं होतं. सकाळी तो सुमनला वाचायला दिला. ती घरगुती डबे देते, फोन दिवसभर हातात, पण सेटिंगमध्ये कधी जात नाही. तिने दोन प्रश्न विचारले. “मला मेसेज आला तर माझं काही गेलं का?” आणि “मी दाबून बसले तर आधी काय करू?” या दोन्हींची उत्तरं माझ्या खर्ड्यात होती, पण पार तळाशी. वर सगळं चोर काय करतो याचंच वर्णन. मग ठरवलं की मजकूर या दोन प्रश्नांवरच उभा करायचा.

दुसऱ्या प्रश्नाला जास्त जागा दिली. सावध करणारे मेसेज सहसा ज्यांचं अजून काही बिघडलेलं नाही त्यांच्यासाठी लिहिलेले असतात. पण दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये एखाद्याने तरी त्याच आठवड्यात फाइल उघडलेली असू शकते. त्याने “दोन मिनिटांत खाते रिकामे” वाचलं तर तो समजणार की आता करण्यासारखं काही उरलं नाही. वास्तविक शरदरावांच्या बाबतीत अ‍ॅप बसण्यात आणि पैसे जाण्यात काही तास गेले होते. त्या वेळात बँकेला फोन करून कार्ड बंद केलं असतं, तर ते आकडे चोराच्या काही कामाचे राहिले नसते. पैसे गेल्यावरही १९३० या सायबर हेल्पलाइनला जितक्या लवकर कळवावं तितकं बरं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवले जातात. कुठेतरी शिल्लक असतानाच तक्रार पोचली तर ते तिथे गोठवता येतात. शरदरावांनी सकाळी फोन केला, तेव्हा काही रक्कम अशीच अडकवून ठेवता आली. ती परत हातात पडायला कागदपत्रांची वाट चालावी लागतेच. “पैसे परत मिळतात” असं एक वाक्य मी लिहिलं होतं, ते खोडलं.

शिवाय एक नियम मुद्दाम घातला, कारण तो लोकांना माहीत नसतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे, ग्राहकाच्या हलगर्जीपणाने पैसे गेले असले तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर जे जातील ते नुकसान बँकेचं. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणाऱ्याला या एका वाक्याने फोन उचलावासा वाटेल, असं मला वाटलं.

बँकेचा नंबर कुठून घ्यायचा हेही लिहावं लागलं. घाबरलेला माणूस गुगलवर बँकेच्या नावापुढे “कस्टमर केअर” टाकून शोधतो आणि तिथे दुसराच चोर नंबर लावून बसलेला असतो. खरा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला आहे.

शरदरावांचं नाव, पेशा, गाव, सगळं काढलं. रक्कमही काढणार होते, पण ते स्वतःच म्हणाले, “रक्कम राहू द्या. नऊ लाखांची अफवा तरी मरेल.” शेवटी ग्रुपवर गेलेला मजकूर असा:

“आपल्या ओळखीच्या एका कुटुंबाबाबत या आठवड्यात घडलेला प्रकार, त्यांच्याशी बोलून लिहिला आहे. त्यांचे ४८,००० रुपये गेले. नऊ लाखांचा मेसेज चुकीचा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर `RTO E CHALLAN.apk` किंवा अशा नावाची फाइल येते. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरूनही येते. मेसेज नुसता आला किंवा वाचला तर काही होत नाही. फाइल उघडून अ‍ॅप बसवलं आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली, तर तुमचे ओटीपी दुसऱ्याला दिसतात. नावाच्या शेवटी .apk असेल तर बसवू नका. ज्याच्याकडून आली त्याला फोन करून सांगा, त्याला बहुधा पत्ताच नसतो. दंड खरंच आहे का, ते mahatrafficechallan.gov.in वर स्वतः जाऊन बघा.

अ‍ॅप बसवलं गेलं असेल तर: त्या फोनचं इंटरनेट आणि वाय-फाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा. नंबर कार्डाच्या मागे आहे, गुगलवर शोधू नका. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेवर येतं, म्हणून आधी कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, आणि cybercrime.gov.in वर तक्रार. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. त्या अ‍ॅपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब होतं, ते सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या यादीत शोधून काढावं लागतं. जमत नसेल तर मला फोन करा.”

“सर्वांना पाठवा” लिहिलं नाही. उद्गारचिन्हंही नाहीत. वसंताने लगेच शेरा मारला, “बाई, हे तर ऑफिसची नोट वाटते, कोण वाचणार?” त्याचं अगदीच चूक नव्हतं. हात जोडलेले या वेळी चारच आले.

एक पुरवणी मात्र दुसऱ्या दिवशी जोडावी लागली. पुण्याहून एकाने विचारलं, माझा आयफोन आहे, मला काय? .apk हा अँड्रॉइडचा प्रकार, आयफोनवर तो बसत नाही. पण दंड भरायला सांगणारी नुसती लिंक आली आणि तिथे कार्डाचे आकडे टाइप केले, तर आयफोनही वाचवणार नाही. हे दोन ओळींत घातलं.

रात्री साडेदहाला खासगीत एक मेसेज आला. नाव सांगत नाही, आमच्यातली गणितात सगळ्यात हुशार मुलगी. “परवा ती फाइल मी उघडली होती. अ‍ॅप बसलंय. पण एसएमएसचं विचारलं तेव्हा नको म्हटलं आणि बंद केलं. यांना सांगितलं नाहीये. काय करू?”

मी तिला फोनच लावला. आधी इंटरनेट बंद करायला लावलं. मग सेटिंग, अ‍ॅप, पूर्ण यादी. बिनचिन्हाचं अ‍ॅप यादीच्या शेवटी सापडलं. त्याला कुठल्या परवानग्या आहेत ते आधी वाचून घेतलं, एसएमएससमोर नाहीच होतं. तरी अ‍ॅप काढून टाकलं, मग इंटरनेट परत सुरू करून व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेल्या उपकरणांची यादी तपासली आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन घालून घेतला. कार्डाची माहिती कुठे भरली नव्हती, तरी सकाळी शाखेत जाऊन मागच्या तीन दिवसांचे व्यवहार बघून ये म्हटलं. “आणि यांना?” तिने विचारलं. म्हटलं, सांग, कारण तीच फाइल उद्या त्यांच्या फोनवर तुझ्या नावाने आली तर ते उघडतील.